दिवसा झोपणाऱ्यांसाठी पडदा: जाड कापड घ्यावं की ब्लॅकआउट अस्तर?

प्रश्न: मी चाकणला रात्रपाळी करतो, सकाळी आठला झोपतो ते तीनपर्यंत. फ्लॅटच्या बेडरूमला पूर्वेची ५ बाय ४ फुटांची स्लायडिंग खिडकी आहे, थेट ऊन येतं. दुकानदार म्हणतो, जाड वेलवेट घ्या, अस्तर लागणारच नाही. ऑनलाइन ‘ब्लॅकआउट’ पडदे त्याहून स्वस्त दिसतात. नक्की काय घ्यावं? उन्हाळ्यात खोली तापते तेही बघायचं आहे.

उत्तर:

तीन थरांच्या फोमचं ब्लॅकआउट अस्तर घ्या. ते दर्शनी पडद्याच्या पाठीला शिवून टाकू नका, भिंतीलगत वेगळ्या चॅनेलवर टांगा. पुढे दिसणारं कापड मग तुम्हाला आवडेल ते, साधं सुती घेतलंत तरी चालेल. वेलवेटमध्ये जे पैसे जाणार होते ते चॅनेल, पडद्याची वरची कड झाकणारं लाकडी पेल्मेट आणि दोन्ही बाजूंच्या कडा बंद करण्यावर घाला. तुमच्यासारख्या खिडकीत झोप मोडणारा उजेड एका मर्यादेनंतर कापडातून येतच नाही, तो कडांमधून येतो. पण आधी कापडाचं बघू, कारण दुकानात घोळ तिथेच होतो.

जाडी आणि अपारदर्शकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापडातून उजेड दोन वाटांनी येतो: उभ्या-आडव्या धाग्यांच्या मधल्या बारीक छिद्रांतून, आणि खुद्द धाग्यातून. पॉलिएस्टरचा धागा अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे फिकट रंगाचं कापड कितीही जाड घेतलं तरी उन्हात ते आतून उजळतं. वेलवेटमध्ये हाताला जाणवते ती लव, पण उजेड अडवण्याचं बरंचसं काम त्या लवेखालची विणलेली पाठ करते. ही पाठ अनेकदा पातळ असते. गडद निळं, गडद तपकिरी किंवा काळं, ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचं वेलवेट बरंच चांगलं काम देतं. तेच वेलवेट क्रीम किंवा फिकट राखाडी घेतलंत तर सकाळी नऊच्या उन्हात सगळा पडदा दिव्याच्या शेडसारखा उजळून निघेल. मरून वेलवेटमधून खोलीभर लालसर उजेड पसरतो तो याच कारणाने. ज्यूट किंवा लिनेनसारख्या दिसणाऱ्या भरड कापडांचा तर विचारच नको. ती वजनाला जड असतात, पण धाग्यांमध्ये जागा मोकळी असते.

ऑनलाइन मिळणारे तयार ‘ब्लॅकआउट’ पडदे बहुतेक वेळा तीन पदरी विणीचे असतात. पुढून आणि मागून रंगीत पॉलिएस्टर आणि त्यांच्यामध्ये विणतानाच घातलेला काळा धागा. रबरासारखा लेप नसल्याने हे कापड मऊ पडतं, घरी धुता येतं, चुण्या छान पडतात. गडद रंगात ते खरोखर चांगलं असतं. फिकट रंगात मात्र काळा धागा पुढून दिसू नये म्हणून तो कमी घालतात किंवा घालतच नाहीत, आणि नाव तेच राहतं. पांढरा किंवा क्रीम ‘ब्लॅकआउट’ पडदा उन्हाच्या खिडकीला लावलात तर उजेड मंद होईल, थांबणार नाही. दुकानात अशा कापडाला कधी कधी प्रामाणिकपणे ‘डिमआउट’ म्हणतात. तो शब्द ऐकलात तर रात्रपाळीसाठी ते कापड बाजूला ठेवा.

तिसरा प्रकार लेपाचं अस्तर. साध्या पांढऱ्या कापडावर आधी पांढऱ्या फोमचा थर, त्यावर काळ्या फोमचा, त्यावर पुन्हा पांढरा. याला थ्री-पास म्हणतात. टू-पासमध्ये शेवटचा पांढरा थर नसतो, त्यामुळे एका बाजूने काळं किंवा राखाडी दिसतं. उजेड अडवणारा थर काळाच. तो सलग लेप असल्यामुळे धाग्यांमधली छिद्रं बुजतात आणि कापडातून येणारा उजेड जवळपास शून्यावर येतो. एवढ्यासाठी जाडी लागत नाही. थ्री-पास अस्तर वेलवेटपेक्षा कितीतरी पातळ असतं आणि तरी वेलवेटला हरवतं.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत बघा. सकाळी साडेआठ-नऊला पूर्वेच्या काचेवर थेट ऊन असताना तिथे साधारण ५०,००० लक्स उजेड पडतो असं धरू. काच त्यातला थोडा अडवते. तुमच्या खिडकीचं क्षेत्रफळ २० चौरस फूट, म्हणजे सुमारे १.८६ चौरस मीटर. पडदा ९९ टक्के उजेड अडवणारा असेल तर उरलेल्या एका टक्क्यातून खोलीत अंदाजे ८०० ल्युमेन येतात. ८-९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण एवढाच उजेड देतो. म्हणजे ‘९९ टक्के ब्लॅकआउट’ लावूनही ऊन काचेवर असेपर्यंत खोलीत एक बल्ब चालू राहिल्यासारखं होतं. ऊन डोक्यावर सरकून नुसता आकाशाचा उजेड उरला की हाच पडदा दीड-दोन वॉटच्या दिव्याएवढा उजेड आत सोडतो. ज्यांची खिडकी उत्तरेची आहे किंवा समोर जवळ दुसरी इमारत आहे त्यांना म्हणूनच गडद तीन पदरी पडदा पुरतो. तुमची खिडकी पूर्वेची, आणि तुम्ही झोपता ते नेमके उन्हाच्या तासांत. तुम्हाला तो एक टक्का परवडणार नाही.

किती अंधार हवा याचंही एक माप आहे. प्रकाश आणि झोप यांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या गटाने २०२२ साली ज्या शिफारशी मांडल्या, त्यांत झोपेच्या जागी डोळ्यापाशी १ लक्सपेक्षा जास्त उजेड नसावा असं म्हटलं आहे. हे माप शरीराच्या घड्याळावर परिणाम करणाऱ्या निळसर उजेडाला जास्त वजन देतं, आणि दिवसाच्या उजेडात तो भरपूर असतो. फिकट रंगाच्या भिंती असलेल्या १० बाय ११ च्या खोलीत एवढा अंधार राखायचा तर सगळ्या वाटांनी मिळून २० ल्युमेनच्या आसपासच उजेड आत यायला हवा. अर्ध्या वॉटचा एलईडी नाइट बल्बही यापेक्षा जास्त देतो. पहिल्या दोन-तीन तासांत हे नुसत्या पडद्याने साधेलच असं नाही, म्हणून चांगली मऊ डोळ्यांची पट्टी उशाशी असू द्या. पण पट्टी झोपेत सरकते, उन्हाळ्यात घामाने नकोशी होते. मुख्य काम पडद्यालाच करायचं आहे.

दुकानात कापड तपासायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. कापडाचा एकच पदर घ्या, टॉर्च त्याला टेकवा आणि दुकानातल्या सावलीच्या कोपऱ्यात दुसऱ्या बाजूने बघा. थ्री-पासमध्ये काहीच दिसायला नको. कुठे सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला तर लेपाला तिथे भोक आहे, आणि असे ठिपके वीतभर जागेत चार-पाच दिसले तर तो तागा घेऊ नका. तीन पदरी कापडात मंद, सगळीकडे सारखी लाली किंवा राखाडी छटा दिसेल. ती किती दिसते त्यावरून निवड करा. वेलवेट थोडं ताणून धरून बघा, कारण चुणीच्या वळणावर लव उघडते आणि खरी पाठ तिथे दिसते. सँपलच्या पुस्तकातला छोटा तुकडा दाखवून दुकानदार नंतर तागा मागवणार असेल, तर तागा आल्यावर कापण्याआधी पुन्हा टॉर्च लावून बघा.

आता कडांकडे. तुमच्या खिडकीचं क्षेत्रफळ २,८८० चौरस इंच. पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला नुसती अर्धा-अर्धा इंच फट राहिली तर ४८ चौरस इंच, म्हणजे खिडकीच्या दीड टक्क्याहून जास्त. वर दोन इंचांची मोकळी जागा राहिली तर १२० चौरस इंच, चार टक्क्यांहून जास्त. फटीतला उजेड भिंतीवर आपटून येतो, त्यामुळे कापडातल्या टक्क्यांशी याची थेट तुलना होत नाही. पण प्रमाण लक्षात घ्या. वरची दोन इंचांची फट अस्तराची सगळी मेहनत वाया घालवू शकते. शिवाय वरून निसटलेला उजेड पांढऱ्या छतावर पडतो आणि छत तो उजेड खोलीभर पसरवतं, नेमका उताण्या झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर. खालची फट त्यामानाने निरुपद्रवी. तो उजेड फरशीवर पडतो आणि बराचसा पलंगाआडच राहतो.

म्हणून आयलेटचे, म्हणजे गोल रिंगांचे पडदे दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीत लावू नका असं मी स्पष्ट सांगेन. रिंगमधून रॉड जातो तेव्हा कापड रॉडच्या पुढे-मागे लाटेसारखं वळतं, आणि प्रत्येक लाटेत रॉडच्या वर एक उघडी खिडकी तयार होते. शिवाय रॉडची टोकं भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सरळ आत बघता येतं. तयार ऑनलाइन पडदे जवळपास सगळे रिंगचेच असतात. त्यात आणखी एक गोची होते. एक पट ४ फुटांचा असतो. ७६ इंचांच्या रॉडवर असे दोनच पट लावले तर ते जवळपास सपाट ताणले जातात, पंख्याच्या वाऱ्याने मध्ये उघडतात. तेच घ्यायचे असतील तर निदान तीन पट घ्या आणि रिंगा कापून वरती हुकाची पट्टी शिवून घ्या.

चॅनेलवर हुकाने लटकणारा चुण्यांचा पडदा वर चॅनेलला चिकटून बसतो आणि बाजूला भिंतीपर्यंत वळवता येतो. तुमच्या खिडकीचा हिशोब करून दाखवतो. फ्लॅटमध्ये खिडकीचा खालचा कट्टा बहुधा जमिनीपासून ३ फुटांवर आणि वरची कड ७ फुटांवर असते. तुमची वेगळी असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला. चॅनेल खिडकीच्या वर ८ इंच, म्हणजे जमिनीपासून ९२ इंचांवर लावा. दोन्ही बाजूंना ८-८ इंच पुढे काढा, म्हणजे ६० अधिक १६, चॅनेल ७६ इंचांचा. अस्तराचा चॅनेल भिंतीपासून दोन ते तीन इंचांवर, दर्शनी पडद्याचा त्याच्या पुढे साडेचार-पाच इंचांवर. दोन्हींसाठी डबल ब्रॅकेट मिळतात. अस्तराचं तयार माप असं निघतं: चॅनेलचे ७६, दोन्ही टोकांना भिंतीपर्यंत वळवायला ३-३, आणि मध्यभागी दोन पट एकमेकांवर चढायला ४. एकूण ८६ इंच. लेपाच्या अस्तराला उजेड अडवायला चुण्या लागतच नाहीत, फक्त सरकवायला सोयीचं व्हावं म्हणून दीडपट धरा: १२९ इंच. दोन पटांच्या चार उभ्या कडांना दीड-दीड इंच दुमड, म्हणजे ६. झाले १३५ इंच.

इथे कापडाचा पन्हा महत्त्वाचा ठरतो. अस्तर ५४ इंचांच्या आणि ११० इंचांच्या पन्ह्यात येतं. ५४ च्या पन्ह्यात तुम्हाला तीन पट्टे लागतील, प्रत्येकाची लांबी ९९ इंच (तयार उंची सुमारे ९२, वरची दुमड ३, खालची ४). म्हणजे साधारण पावणेआठ मीटर कापड, आणि दोन्ही पटांत एकेक उभा जोड. ११० चा पन्हा असेल तर कापड आडवं फिरवा: पन्हा उंचीच्या दिशेने आणि लांबी रुंदीच्या दिशेने. उंचीला ९९ इंच हवेत, पन्हा ११० आहे, म्हणजे बसतं. १३५ इंच म्हणजे ३.४३ मीटर, साडेतीन मीटर घ्या. अस्तरावर डिझाइन नसतं, त्यामुळे आडवं फिरवल्याने दिसण्यात काही फरक पडत नाही आणि एकही जोड येत नाही. वरून उरलेली ११ इंचांची लांब पट्टी टाकू नका, ती पुढे लागणार आहे. दर्शनी कापड ४८ च्या पन्ह्याचं असेल तर चार पट्टे, प्रत्येकी १०६ इंच, एकूण ११ मीटर धरा.

जोड टाळण्याचं कारण असं की लेपाच्या कापडात सुईने पडलेलं भोक बुजत नाही. सुती कापडात धागे पुन्हा सरकून जवळ येतात, फोममध्ये भोक भोकच राहतं. पटाच्या मधोमध उभी टीप असेल तर सकाळी तिथे चमकत्या ठिपक्यांची ओळ दिसते. अस्तर दर्शनी पडद्याला शिवून टाकू नका म्हटलं त्यामागे हेही एक कारण आहे. चुण्यांच्या शिलाया, जोड, खालची दुमड या सगळ्यांची भोकं मग अस्तरात उतरतात. शिंप्याला काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. टाका लांब ठेवायचा, ३.५ ते ४ मिलिमीटर. सुई १४ नंबरची आणि नवी. टाचण्या लावायच्या नाहीत, दुमड कपड्याच्या चिमट्यांनी धरायची. फोम मशीनच्या पायाला चिकटून कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकाच जागी पडून कापड फाटतं, म्हणून टेफ्लॉनचा पाय लावायचा. तो नसेल तर फोमवर पातळ कागद ठेवून टीप मारायची आणि नंतर कागद फाडून काढायचा. टीप उसवून पुन्हा मारायची नाही, जुनी भोकं तशीच राहतात. फोमच्या बाजूने इस्त्री तर मुळीच नको. तुम्हाला ५४ चा पन्हाच मिळाला आणि जोड आलाच, तर अस्तराचीच दोन इंच रुंद पट्टी कापडाच्या गोंदाने जोडावर चिकटवा.

वरच्या कडेच्या शिलाईची चिंता करू नका, ती पेल्मेटमागे जाते. पेल्मेट १२ मिलिमीटर प्लायचं करा, लांबी ८० इंच, भिंतीपासून ७ इंच खोल, समोरची फळी ७-८ इंच उंच. यात सर्वांत महत्त्वाची वरची आडवी फळी. ती भिंतीला टेकलेली हवी. बरेच सुतार फक्त समोरची फळी लावतात. ती चॅनेल झाकते, उजेड मात्र तिच्या मागून सरळ छतावर जातो. दोन्ही टोकंही फळीने बंद करा आणि वरची फळी भिंतीला जिथे टेकते तिथे ॲक्रिलिक सीलंटची रेघ ओढा, कारण प्लास्टर कधीच सरळ नसतं. उरलेल्या अस्तराची पट्टी पेल्मेटच्या आतून लावून घ्या. स्क्रू मारताना भिंत बघा. खिडकीच्या लगेच वर काँक्रीटची लिंटल असते, तिथे हॅमर ड्रिल लागतं. नव्या इमारतीत हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लास्टिकचा गट्टू वजनाने सैल होतो, त्या ब्लॉकसाठीचा लांब गट्टू मागून घ्या.

बाजूच्या कडांसाठी भिंतीवर उभी लाकडी रीप लावा, एक इंच रुंद, चॅनेलपासून कट्ट्याच्या अर्धा फूट खालपर्यंत. रिपेवर वेल्क्रोची एक बाजू स्टेपलने ठोका, दुसरी बाजू अस्तराच्या बाहेरच्या दुमडीवर शिवा. झोपताना हाताने वरून खाली दाबत आणायचं, दहा सेकंदांचं काम. चिकट पाठीचा वेल्क्रो डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही, रंगाचा पापुद्रा घेऊन निघतो. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर तो ॲल्युमिनियमच्या चौकटीवर चिकटवा. धातू आधी स्पिरिटने पुसून घेतला तर तो बरेच दिवस धरून राहतो. मध्यभागी दोन पट एकमेकांवर चार इंच चढायला हवेत, आणि साध्या एकेरी चॅनेलवर ते फक्त एकमेकांना टेकतात. त्यासाठी एका पटाच्या पुढच्या रनरला पुढे निघणारी पट्टी बसवतात. चॅनेलच्या दुकानात ‘ओव्हरलॅप’ म्हणून मागा. ती नसेल तर अस्तर एकाच सलग पटाचं करा आणि एका बाजूला सरकवा. खरं तर झोपायच्या खोलीत मला एकच पट जास्त आवडतो, मधली फट मुळातच राहत नाही. छताच्या पंख्याच्या वाऱ्याने अस्तर हलू नये म्हणून खालच्या दुमडीत वजनाची साखळी घाला.

रोलर ब्लाइंडबद्दल कुणी सुचवलं तर एवढंच बघा: कापड ब्लॅकआउट असलं तरी दोन्ही बाजूंना यंत्रणेमुळे कापड चौकटीपर्यंत पोहोचत नाही आणि उभ्या फटी राहतात. कडेला उभे चॅनेल असलेला ब्लाइंड उत्तम. ते नसलेला ब्लाइंड उन्हाच्या खिडकीत अपुरा पडतो.

उष्णतेचं गणित रंगाशी बांधलेलं आहे. अस्तराची पांढरी बाजू काचेकडे ठेवा. आलेल्या उन्हाचा मोठा भाग ती परत काचेबाहेर फेकते. टू-पास घेतलंत तर नीट बघा, कारण त्याची काळी बाजू काचेकडे लागली तर ती सगळं ऊन शोषून खोलीत सोडते. विनाअस्तराचं गडद वेलवेटही नेमकं हेच करतं, म्हणून पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीला मी ते एकटं लावायला सांगणार नाही. पडदा आणि काच यांमधली हवा तापून वर चढते आणि वर मोकळं असेल तर खोलीत उतरते. बंद पेल्मेटचा इथेही उपयोग होतो. तरी काचेच्या आत आलेली उष्णता पूर्ण बाहेर जात नाही. मार्च ते मेमध्ये खरा फरक पडतो तो काचेच्या बाहेर सावली केल्याने: गॅलरी किंवा ग्रिल असेल तर बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट. सोसायटीची परवानगी मिळत असेल तर हे आधी करा. बाहेर सावली झाली की आतल्या पडद्यावर पडणारा उजेडही कित्येक पटींनी कमी होतो आणि वर मांडलेलं सगळं गणित तुमच्या बाजूने सरकतं. काचेला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवण्याच्या मोहात मात्र पडू नका. टिंटेड काच मध्ये तापते आणि कडांना थंड राहते, त्या ताणाने ती तडकू शकते.

खिडकी दिवसा बंद ठेवा. उघड्या स्लायडिंगमधून वारा आला की अस्तर फुगतं आणि सगळ्या कडा सुटतात. तुम्ही कामावर असाल त्या रात्री घरच्यांना खिडकी उघडून खोली थंड करून ठेवायला सांगा. कूलर वापरत असाल तर त्याची हवा बाहेर जायला वाट लागते. ती खिडकीतून न देता दार दोन इंच उघडं ठेवून पॅसेजकडे द्या, आणि पॅसेजमधला दिवा बंद. आवाजाच्या बाबतीत कुठल्याच कापडाकडून फार अपेक्षा ठेवू नका. वेलवेटने खोलीतला घुमारा कमी होतो, रस्त्यावरचा हॉर्न थांबत नाही. तो स्लायडिंगच्या पट्ट्यांमधल्या फटीतून येतो आणि त्यासाठी खिडकीची घासून झिजलेली लोकरी पट्टी बदलावी लागते.

सगळं लावून झालं की सुटीच्या दिवशी सकाळी नऊला, ऊन काचेवर असताना, दार लावून दहा मिनिटं खोलीत बसा. डोळे अंधाराला सरावले की फटी आपोआप दिसतात. जिथे रेघ दिसेल तिथे रंगाऱ्याची कागदी टेप चिकटवून ठेवा आणि मग एकेक बंद करा. मोबाइलचं लक्समीटर ॲप इथे कामाचं नाही, एवढ्या कमी उजेडात त्याचे आकडे भरवशाचे नसतात. पसरलेला हात नुसता आकार म्हणून दिसला, बोटं मोजता आली नाहीत, तर काम चांगलं झालं आहे. याच वेळी खिडकीबाहेरचे चोर सापडतात: दाराखालची फट, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्यातून दारावरून येणारा उजेड, एसीच्या पाइपभोवतीचं भोक, स्टॅबिलायझरचा निळा दिवा. दाराला खालून रबरी पट्टी, भोकाला पुट्टी, दिव्याला काळी टेप. झरोक्याला उरलेलं अस्तर पुठ्ठ्यावर ताणून बसवा, पण बाथरूम वापरून झालं की काढून ठेवा, नाहीतर ओल साठते.

नव्या लेपाला वास येतो. सावलीत, गॅलरीत दोन-तीन दिवस उलगडून टांगा, मग खोलीत लावा. अस्तर वेगळं असल्याने दर्शनी पडदा हवा तेव्हा काढून धुता येतो. अस्तराला वर्षातून एक-दोनदा साबणाच्या पाण्यात पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसणं पुरतं. मशीनमध्ये पिळलं की फोमला घड्यांवर चिरा जातात, आणि ड्रायक्लीनच्या रसायनाने लेप सुटतो. पावसाळ्यात स्लायडिंगच्या खोबणीतून पाणी कट्ट्यावर येत असेल तर अस्तराची खालची कड ओली राहून मागून काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते. त्या दिवसांत उठल्यावर अस्तर पूर्ण बाजूला सारून खिडकी तासभर उघडी ठेवा. दोन पट ओलसर असताना घडी करून कपाटात ठेवले तर फोमच्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना लेप निघतो, म्हणून अस्तर नेहमी गुंडाळून ठेवा, मध्ये जुनी चादर घालून. काही वर्षांनी घड्यांच्या जागी तडे दिसायला लागले तर फक्त अस्तर बदलायचं, साडेतीन मीटर. पेल्मेट, चॅनेल आणि पुढचा पडदा तसाच राहतो.